फ्लॅटचा नकाशा वाचताना: एक बेडरूम पट्टी लावून बघू

मी पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात बावीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी पदाचं नाव तेच. त्यामुळे नात्यागोत्यात कोणी फ्लॅट घ्यायला निघालं की ब्रोशरचा फोटो माझ्या व्हॉट्सॲपवर येतोच. गेल्या वर्षी मावसबहिणीच्या मुलाने पाठवला. "मावशी, बघ ना जरा. दोन बेडरूम, सहाशे पंचावन्न फूट. घ्यावा ना?" फोटोवरून सांगता येण्यासारखं त्यात जवळजवळ काही नव्हतं. म्हटलं, रविवारी ये आणि येताना स्टीलची पट्टी, टेप आणि मंजूर नकाशा आण. त्या रविवारी आम्ही जे केलं, तेच इथे क्रमाने लिहिते.

पहिलं काम: योग्य कागद मिळवणं

एकाच फ्लॅटचे निदान दोन नकाशे असतात. एक ब्रोशरमधला, रंगीत, सोफा आणि कुंड्या काढलेला. तो जाहिरातीसाठी तयार केलेला असतो. दुसरा महापालिकेने किंवा प्राधिकरणाने मंजूर केलेला, काळ्या रेघांचा, आकड्यांनी भरलेला आणि शिक्का मारलेला. इमारत या दुसऱ्यावरून बांधायची असते, म्हणून वाचायचा तोच. रेरा कायद्यानुसार बिल्डरने मंजूर नकाशे ग्राहकाला दाखवायला हवेत. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की त्या प्रकल्पाची अपलोड केलेली कागदपत्रं बघता येतात. सेल्स ऑफिसात "सर, तो टेक्निकल असतो, तुम्हाला कळणार नाही" असं म्हणतील. हरकत नाही, घ्यायचा.

कागद हातात आला की आधी आपला फ्लॅट शोधायचा. हे वाटतं तितकं सोपं नाही. ब्रोशरमध्ये बहुधा प्रत्येक प्रकारचा एकच फ्लॅट काढतात आणि मजल्यावरचा शेजारचा फ्लॅट त्याचं आरशातलं प्रतिबिंब असतो. भाच्याने पसंत केलेला ७०४ होता, ब्रोशरमध्ये काढलेला ७०३. चित्रात दाराच्या उजवीकडे असलेला ओटा त्याच्या घरात डावीकडे येणार होता. आणि उत्तरेचा बाण ब्रोशरच्या त्या पानावर नव्हताच. मंजूर नकाशात तो कोपऱ्यात सापडला, तेव्हा कळलं की ७०३ च्या लहान बेडरूमची खिडकी पूर्वेला आहे आणि ७०४ ची पश्चिमेला. म्हणजे एप्रिल-मेमध्ये दुपारभर ऊन भिंतीवर आणि जूनपासून पावसाची झड काचेवर. त्यासाठी घर नाकारायचं असं नाही, पण खिडकीवर छज्जा दाखवलाय का हे मग मुद्दाम बघावं लागतं.

स्केल: पट्टी कधी लावायची, कधी नाही

मंजूर नकाशावर साधारणपणे १:१०० असं स्केल लिहिलेलं असतं. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर हा जागेवरचा एक मीटर. ३.०५ मीटरची खोली कागदावर साडेतीस मिलिमीटर भरायला हवी. पण हे मूळ आकाराच्या कागदावर. तो नकाशा बहुधा ए-१ सारख्या मोठ्या कागदासाठी काढलेला असतो. पीडीएफ घरच्या प्रिंटरवर ए-४ ला छापली की सगळं आक्रसतं, आणि तीच खोली अकरा मिलिमीटरसुद्धा भरत नाही. कागदावर छापलेलं '१:१००' मात्र तसंच राहतं. मोबाईलच्या पडद्यावर तर बोटाने चिमटा काढला की स्केल बदललं.

म्हणून ऑफिसात आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेला नियम असा: लिहिलेला आकडा खरा, मोजलेली रेघ नाही. दोन्हीत फरक पडला तर आकड्यावर विश्वास ठेवायचा आणि आर्किटेक्टला विचारायचं.

पट्टीचा उपयोग वेगळ्या कामासाठी आहे. ज्याचा आकडा लिहिलेलाच नाही, अशा वस्तूचं माप काढायला. त्यासाठी स्केल माहीत असण्याची गरज नाही, एक माहीत असलेलं माप पुरतं. ब्रोशरमध्ये लहान बेडरूमची रुंदी दहा फूट लिहिली होती. पट्टीने ती बरोबर पन्नास मिलिमीटर भरली. म्हणजे त्या कागदावर पाच मिलिमीटरचा एक फूट. झालं, आता त्या चित्रातलं काहीही मोजता येतं. पुढे याच पट्टीने पलंग मोजला, ते सांगतेच.

आकडे वाचताना

ब्रोशरमध्ये मापं फूट-इंचात असतात, मंजूर नकाशात मीटरमध्ये. फुटाला एक तिरकी खूण, इंचाला दोन: १०'-६" म्हणजे दहा फूट सहा इंच, म्हणजे साडेदहा फूट, म्हणजे ३.२० मीटर. काही ठिकाणी नुसतं १०.६ छापतात. ते दशांश धरलं तर दहा फूट सात इंच होतात, आणि सहा इंच धरले तर साडेदहा फूट. खोलीच्या चौरस फुटांचा गुणाकार करताना हा घोळ हमखास होतो. मीटरचा आकडा ३.२८ ने गुणा, दशांश फूट मिळतात. दशांशाचा भाग बाराने गुणा, इंच मिळतात.

हे माप नेमकं कुठून कुठपर्यंत आहे? बहुतेक वेळा उघड्या भिंतीपासून उघड्या भिंतीपर्यंत, म्हणजे गिलावा होण्याआधीचं. गिलावा दोन्ही बाजूंनी मिळून साधारण इंचभर खातो. खात्री करायची असेल तर एका ओळीतले आकडे जोडून बघायचे. भाच्याच्या नकाशात दोन बेडरूम शेजारी शेजारी होत्या. बाहेरची भिंत ०.१५, खोली ३.०५, मधली भिंत ०.१०, खोली ३.०५, परत बाहेरची भिंत ०.१५. बेरीज ६.५०, आणि बाहेरच्या माप-रेषेवरही ६.५० च लिहिलेलं. भिंतींची जाडी नुसत्या ब्लॉकची धरली आहे, म्हणजे खोलीचं मापही गिलाव्याशिवायचंच. बेरीज जुळली नसती तर एखादी भिंत किंवा कॉलम आपल्याकडून वाचायचा राहिला, किंवा नकाशात चूक आहे, असं समजायचं.

रेघा काय सांगतात

चिन्हांची मोठी यादी पाठ करायची गरज नाही. चार गोष्टी ओळखता आल्या की फ्लॅटपुरतं भागतं.

पाव वर्तुळाची कमान म्हणजे दार. कमान ज्या बाजूला आहे त्या बाजूला दार उघडतं आणि कमानीच्या आतली सगळी जमीन मोकळी ठेवावी लागते. दाराशेजारी डी, डी-१, डी-२ अशी इंग्रजी अक्षरं असतात. त्यांची मापं कोपऱ्यातल्या तक्त्यात मिळतात. बेडरूमचं दार सहसा ०.९० मीटर, टॉयलेटचं ०.७५. खिडकीला डब्ल्यू, वरच्या झरोक्याला व्ही. भिंतीच्या जाडीत दोन-तीन समांतर बारीक रेघा दिसल्या की ती खिडकी.

भरीव काळा किंवा दाट रेघाळलेला चौकोन म्हणजे काँक्रीटचा कॉलम. ब्रोशरवाले हे चौकोन भिंतीच्याच रंगात बुडवून टाकतात, मग खोलीत आलेला कोपरा दिसतच नाही. मंजूर नकाशात नखाएवढा काळा ठिपका भिंतीच्या रेषेतून आत आलेला दिसला तर ते माप विचारून घ्या. नवीन उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यांत सगळ्या भिंतीच काँक्रीटच्या ओततात. तिथे 'ही भिंत नंतर पाडू' हा विषयच संपतो.

तुटक रेघ म्हणजे डोक्यावरची वस्तू: बीम, लॉफ्ट किंवा वरच्या मजल्याचं बाहेर आलेलं टोक. पलंगाच्या बरोबर वरून तुटक दुहेरी रेघ जात असेल तर तिथे बीम आहे. पंखा आणि फॉल्स सीलिंग ठरवताना ते आठवतं.

फुली मारलेला चौकोन म्हणजे पोकळी, बहुतेक वेळा डक्ट. टॉयलेटचा झरोका डक्टमध्ये उघडणं नेहमीचंच आहे. बेडरूमची खिडकी तशा चौकोनात उघडत असेल तर मात्र मी पुढचं बघतच नाही.

आता ती बेडरूम

ब्रोशरमध्ये दहा फूट बाय साडेदहा फुटांच्या लहान बेडरूममध्ये डबल बेड, दोन्ही बाजूंना छोटी टेबलं, पूर्ण भिंतभर कपाट आणि वर अभ्यासाचं टेबल दाखवलं होतं. भाचेसून खूश होती. पट्टी लावली. पलंगाची रुंदी एकवीस मिलिमीटर. पाच मिलिमीटरचा फूट, म्हणजे जेमतेम सव्वाचार फूट. लांबी अठ्ठावीस मिलिमीटर, म्हणजे पाच फूट सात इंच. भाचा स्वतः सहा फुटांच्या आसपास आहे! बाजारात मिळणारा डबल बेड पाच बाय साडेसहा फुटांचा असतो. कपाटाची खोली सात मिलिमीटर भरली, म्हणजे सतरा इंच. हँगरला लावलेला शर्ट आडवा मावायला चोवीस इंच लागतात. फर्निचर छोटं काढलं की खोली मोठी दिसते, एवढीच ती युक्ती. खोलीचं माप खोटं नव्हतं.

मग आलेखाच्या वहीत खरी खोली काढली. तुम्हीही हेच करा, एक सेंटिमीटरला एक फूट धरून. कात्रीने कागदाचे पलंग-कपाट कापून घेतले की सरकवून बघता येतात.

गिलावा वजा जाता खोली ३०२५ बाय ३१७५ मिलिमीटर उरली. ३०२५ पूर्व-पश्चिम, ३१७५ उत्तर-दक्षिण. पश्चिमेला खिडकी. दार दक्षिण भिंतीत, पूर्वेच्या कोपऱ्याजवळ, आत उघडून पूर्व भिंतीला टेकणारं. वायव्य कोपऱ्यात कॉलम १५० मिलिमीटर आत आलेला.

कपाटाला जागा एकच, पूर्व भिंत. पण उघडलेलं दार त्या भिंतीचे ९०० मिलिमीटर व्यापतं आणि चौकटीच्या बाजूचा तुकडा धरून ९७५ जातात. उरतात २२००, म्हणजे सव्वासात फूट. ब्रोशरमधलं कपाट साडेदहा फुटांचं होतं. ते खरं बनवलं असतं तर दार आत उघडलंच नसतं.

कपाट ६०० खोल, म्हणजे रुंदीतून उरले २४२५. ब्रोशरप्रमाणे पलंगाचं डोकं उत्तर भिंतीला लावलं. कॉलमचे १५० गेले, पलंगाचे १५२५ गेले. कपाट आणि पलंगाच्या मध्ये ७५० उरले, अडीच फूट. चालायला पुरतात, पण कपाटाचा बाहेर उघडणारा पल्ला उघडला की वाट बंद. छोट्या टेबलांना जागाच नाही. खिडकीकडच्या बाजूला झोपणाऱ्याला दुसऱ्याला ओलांडून उतरावं लागणार.

इतका वेळ बहीण गप्प बसून भाजी निवडत होती. तिने वर न बघताच विचारलं, "उत्तर कुठेय म्हणालीस? उत्तरेला उशी? माझ्या घरात नाही चालायचं."

वास्तूबिस्तू मी फारसं मानत नाही. पण घरात कोणीतरी मानणारं असतंच, आणि दोन वर्षांनी वाद घालण्यापेक्षा कागदाचा पलंग फिरवणं स्वस्त पडतं. डोकं दक्षिणेला, पलंग नैऋत्य कोपऱ्यात सरकवला. आणि गंमत म्हणजे तिथे तो जास्त चांगला बसला. कॉलम डोक्याकडून पायाकडे गेला, त्यामुळे पलंग भिंतीला चिकटला आणि कपाटापर्यंतची वाट ७५० ऐवजी ९०० झाली. दाराची कमान आणि पलंग यांच्यात ५२५ उरले, म्हणजे एका बाजूला छोटं टेबलही आलं. अभ्यासाचं टेबल मात्र कुठेच बसलं नाही.

यातून एक काम वाढलं. पलंगाशेजारचे दिव्याचे आणि चार्जिंगचे पॉइंट इलेक्ट्रिकच्या नकाशात उत्तर भिंतीवर दाखवलेले होते. ते दक्षिणेला हलवायचे तर गिलाव्याआधी सांगायला हवं. नंतर भिंत खोदावी लागते.

प्रत्येक खोलीला इतका वेळ द्यायची गरज नाही. सगळ्यात लहान बेडरूम आणि स्वयंपाकघर एवढ्या दोन खोल्या अशा तपासल्या तरी पुरे. स्वयंपाकघरात ओटा दोन फूट खोल, त्याच्यासमोर उभं राहायला निदान तीन फूट, आणि फ्रीजचं दार पूर्ण उघडायला जागा, एवढंच बघायचं.

कार्पेटचा हिशोब

भाचा 'सहाशे पंचावन्न' म्हणत होता तो आकडा ब्रोशरमधला. २०१६ च्या रेरा कायद्यातली कार्पेटची व्याख्या नेमकी आहे. घराच्या आतली वापरायची जागा आणि आतल्या भिंतींखालची जागा धरायची. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची सोडायची. मंजूर नकाशातल्या मापांवरून आम्ही बेरीज केली, चौरस मीटरमध्ये:

हॉल ३.०५ × ४.९० = १४.९५
स्वयंपाकघर २.४० × २.७५ = ६.६०
मोठी बेडरूम ३.०५ × ३.६५ = ११.१३
लहान बेडरूम ३.०५ × ३.२० = ९.७६
दोन टॉयलेट ३.११ आणि २.७६
पॅसेज १.०५ × ३.०० = ३.१५

एकूण ५१.४६. आतल्या भिंती मोजल्या, साधारण साडेएकोणीस मीटर लांब आणि ०.१० जाड, म्हणजे १.९५. सगळं मिळून ५३.४१. एका चौरस मीटरचे १०.७६४ चौरस फूट, म्हणून ५७५ चौरस फूट. उरलेले ऐंशी कुठले? पुढची बाल्कनी ३.०५ × १.५० म्हणजे ४९ आणि ड्राय बाल्कनी २.४० × १.२० म्हणजे ३१. ब्रोशरने सगळं एकत्र करून त्याला 'वापरायोग्य क्षेत्रफळ' म्हटलं होतं. पण दर चौरस फुटाचा हिशोब दोन प्रकल्पांत ताडून बघताना एकीकडे ५७५ आणि दुसरीकडे बाल्कनीसह आकडा घेतला तर तुलना फसते.

इथेच अजून एक गोष्ट सापडली. ब्रोशरमध्ये हॉल एकवीस फूट लांब होता. मंजूर नकाशात तोच हॉल ४.९० मीटर, मग काचेच्या सरकत्या दाराची रेघ, आणि पुढे १.५० ची बाल्कनी. दोन्ही मिळून ६.४० मीटर, म्हणजे एकवीस फूट. चित्रात मधली रेघ पुसून सोफा पार कठड्यापर्यंत नेलेला होता. बाल्कनीच्या चौकोनात जमिनीच्या पातळीचा आकडा हॉलपेक्षा कमी लिहिलेला होता, कारण पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून बाल्कनीची फरशी खाली घेतात. म्हणजे तिथे पायरी असणार. सेल्समनला विचारल्यावर तो म्हणाला, "सगळेच आत घेतात, सर." सगळे घेत असतील, पण मंजुरीशिवाय घेतलेल्या जागेची जबाबदारी घरमालकावर येते, सेल्समनवर नाही.

बुकिंगच्या आधी

नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणजे नकाशा तपासायला वेळ आहे, 'आजच चेक द्या, ऑफर संपतेय' याने गडबडून जाऊ नये. कराराला जोडलेल्या नकाशात तुमचाच फ्लॅट क्रमांक, तुमचाच मजला आणि आरशातली योग्य बाजू आहे ना, हे सही करण्याआधी बघा. तिथे ब्रोशरचं रंगीत पान जोडलेलं असेल तर मंजूर नकाशाचा भाग जोडायला सांगा. करारात कार्पेट चौरस मीटरमध्ये लिहिलेलं असतं आणि बांधून झाल्यावर तीन टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य धरलेला असतो. ५७५ वर तीन टक्के म्हणजे सतरा फूट. घट त्याहून जास्त निघाली तर जादा घेतलेले पैसे परत मागता येतात, म्हणून स्वतः केलेली बेरीज फाइलला लावून ठेवा.

सॅम्पल फ्लॅट बघायला जाताना टेप न्या. भिंतीच्या मध्यावर नाही, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आणि जमिनीलगत मापं घ्या, आणि तिथला पलंगही मोजा.

भाच्याने फ्लॅट घेतला. हॉल एकवीस फुटांचा नाही हे धरूनच भाव केला. अभ्यासाचं टेबल मोठ्या बेडरूममध्ये गेलं. पॉइंट दक्षिण भिंतीवर हलवायचं पत्र त्याने ईमेलने पाठवलं, सोबत आलेखाच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो जोडून. साईट इंजिनिअरने उत्तरात एवढंच विचारलं, जमिनीपासून किती उंचीवर हवेत?